"ताई हे लिहून दे ना": तीन फोटो, एक पेंड्युलम आणि मी विचारलेला चुकीचा प्रश्न

पार्श्वभूमी

मी काही वर्षं एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये होते, आता घरीच अकरावी-बारावीच्या ट्यूशन घेते. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी अकरावी सायन्सला आहे, ट्यूशनला येत नाही पण अडलं की ताई म्हणून हक्काने मेसेज टाकते. एका रविवारी दुपारी तिचे व्हॉट्सअॅपवर तीन फोटो आले आणि खाली एवढंच, "ताई हे लिहून दे ना, उद्या जर्नल चेक करायचंय". विषय नाही, प्रयोग क्रमांक नाही, काहीच नाही.

पहिल्या फोटोत रफ वहीचं शेवटचं पान, बॉलपेनने काढलेला टेबल आणि त्यावर मोबाइल धरलेल्या हाताची सावली. दुसरा फोटो त्याच पानाचा, जरा जवळून, पण तिरका, त्यात उजवीकडचा कॉलम कापला गेलेला आणि कोपऱ्यात चौकट करून नुसतं "२.५२" लिहिलेलं, एकक नाही, नाव नाही. तिसऱ्यात स्टँड, कॉर्कमधून खाली आलेला दोरा, पितळेचा गोळा आणि मैत्रिणीची दोन बोटं. मीटरपट्टी दिसत होती पण तिचं खालचं टोक फ्रेमच्या बाहेर. हे टोक पुढे महत्त्वाचं ठरलं, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

म्हणजे प्रयोग साध्या लंबकाचा, लांबी बदलत जायची, २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून एका आंदोलनाचा वेळ T आणि मग `g = 4π²L/T²` ने गुरुत्वत्वरण g काढायचं. अकरावीला सगळ्यांनीच केलेला. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया हीच की अर्ध्या तासाचं काम आहे, टाकू लिहून.

अडचण नेमकी काय होती

"लिहून दे" याचे किमान तीन अर्थ होतात. एक, रफ टेबल फेअर करून दे. दोन, गणितं, ग्राफ सगळं करून उद्देश-साहित्य-कृती-निष्कर्ष असा पूर्ण रिपोर्ट दे. तीन, म्हणजे खरं तर मनातला अर्थ, उत्तर बरोबर येईल असं काहीतरी करून दे. तिने कुठला धरला होता ते तिलाही नक्की माहीत नसावं.

दुसरी अडचण रीडिंगची. फोटोवरून मी उतरवलेला टेबल असा होता, लांबी सेंटिमीटरमध्ये आणि वेळ २० आंदोलनांचा, सेकंदात:

| L | t1 | t2 | सरासरी |
|---|---|---|---|
| ६० | ३१.६ | ३१.५ | ३१.५५ |
| ७० | ३४.१ | ३४.० | ३४.०५ |
| ८० | ३६.४ | ३४.५ | ३५.४५ |
| ९० | ३८.४ | ३८.६ | ३८.५० |
| १०० | ४?.६ | ४०.४ | कापलेला |
| ११० | ४२.५ | ४२.५ | कापलेला |

पाचव्या ओळीतला प्रश्नचिन्हाचा आकडा सावलीत गेलेला, शून्य आहे की सहा ते कळत नव्हतं. आणि तिसरी ओळ बघा, एकाच लांबीला ३६.४ आणि ३४.५. बाकी सगळीकडे दोन रीडिंगमधला फरक फार तर ०.२ सेकंदाचा आणि इथे एकदम १.९. मुली बिनधास्त दोन्हींची सरासरी काढून पुढे गेलेल्या.

समोर असलेले पर्याय

सरळ नाही म्हणणं हा एक पर्याय होता, की बाई तुझं जर्नल तू लिही. पण मला तो पटला नाही, कारण तिने प्रयोग स्वतः केला होता, आकडे खरे होते, तिला अडत होतं ते आकड्यांवरून रिपोर्ट कसा उभा राहतो तिथे. दुसरा पर्याय म्हणजे सगळं मीच लिहून टाकायचं, जिथे माहिती नाही तिथे पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं भरायचं, लीस्ट काउंट ०.०१, ॲम्प्लिट्यूड लहान, वगैरे. असे रिपोर्ट मी लॅबमध्ये शेकड्याने तपासलेत, ते वाचताना कळतं की लिहिणाऱ्याने ते घड्याळ कधी हातात घेतलेलं नाही.

तिसरा, मधला: फोटोत जे दिसतंय त्यावरून रिपोर्टचा सांगाडा आणि गणितं मी करायची, जे फक्त तिलाच माहीत आहे त्याला रिकामी जागा ठेवायची, आणि निष्कर्षाच्या ओळी तिने लिहायच्या. हा घेतला.

पण आधी विचारायचं किती? दहा प्रश्न पाठवले तर रविवारी दुपारी अकरावीतली पोरगी एकाचंही उत्तर देत नाही, हे अनुभवाचं आहे. मग मी चाळणी लावली की ज्याच्या उत्तराने आकडा किंवा निष्कर्ष बदलेल तेवढंच विचारायचं, बाकीचं रिकामं सोडायचं. साहित्यात स्टँड लिहायचा की क्लॅम्प लिहायचा याने काही बदलत नाही.

काय केलं, आणि कुठे चुकलं

मी एकच मेसेज पाठवला, त्यात तीन गोष्टी. पाचव्या ओळीचा फोटो परत पाठव, सावली न पाडता. २.५२ म्हणजे गोळ्याचा व्यास ना, सेंटिमीटरमध्ये? आणि L तू गोळ्याच्या केंद्रापर्यंतच मोजलीस ना?

दहा मिनिटांनी उत्तर आलं. फोटो आला, आकडा ४०.६. खाली "हो ताई" आणि "हो ताई".

पाचव्या ओळीबद्दल थोडं सांगते, कारण इथे मोह होतो. शेजारी ४०.४ आहे, ४६.६ असूच शकत नाही, मग कशाला विचारायचं, असं वाटतंच. पण ज्या सूत्रावरून मी ठरवणार की आकडा शून्यच असला पाहिजे, तेच सूत्र तपासायला तो प्रयोग आहे ना. उद्या तिथे खरंच काहीतरी विचित्र लिहिलेलं असतं तर मी ते नकळत सुधारून टाकलं असतं. दुसरा फोटो मागायला काही पैसे पडत नव्हते.

तिसऱ्या ओळीचं मात्र फोटो मागून काही होणार नव्हतं, तिथे अक्षर स्वच्छ होतं, ३४.५ म्हणजे ३४.५. हे आलं कुठून? ८० सेंटिमीटरच्या लंबकाचं एक आंदोलन साधारण १.८२ सेकंदाचं, आणि दोन रीडिंगमधला फरक १.९. म्हणजे एक आंदोलन कमी मोजलं गेलं असणार. हे कसं होतं ते लॅबमध्ये उभं राहिलं की दिसतं, मुलं घड्याळाचं बटण दाबताना तोंडाने "एक" म्हणतात, खरं तर तिथे "शून्य" म्हणायला हवं, आणि मग "वीस" म्हणून बटण दाबलं की हातात १९ च आंदोलनं असतात. १९ गुणिले १.८२ केलं तर ३४.६ येतात. अगदी जुळतंय.

मी खूश होऊन ते लिहायला बसले आणि मग लक्षात आलं की आणखी एक शक्यता तितकीच जुळते. मूळ आकडा ३६.५ असेल आणि लिहिणारीने घाईत सहाच्या जागी चार लिहिला असेल. शेजारच्या ३६.४ शी तोही चपखल बसतो. दोन्ही कारणं चांगली, आणि कागदावरून निवडता येत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "ताई काहीच आठवत नाही, मोजत ती होती, लिहीत मी होते".

इथे काय करायचं हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. ३४.५ खोडून ३६.५ करणं, हे तर नाहीच. तसंच ठेवून सरासरी घेणं, हे मुलींनी केलेलंच होतं, पण मग माहीत असलेली चूक पुढच्या गणितात जाते. शेवटी मी दोन्ही रीडिंग टेबलात आहेत तशी ठेवली, ती पूर्ण ओळ गणितातून आणि ग्राफच्या रेषेतून वगळली आणि खाली एक वाक्य टाकलं की या ओळीतल्या दोन वेळांमध्ये जवळपास एका आवर्तकालाइतका फरक आहे, मोजणीत किंवा नोंदीत चूक असावी, म्हणून वगळली. नुसता ३६.४ ठेवून ३४.५ टाकून देणंही चाललं असतं, पण मग कुठला खरा ते मी सोयीने निवडल्यासारखं झालं असतं.

आता गंमत. प्रत्येक ओळीचा g काढला तर चुकीच्या ओळीचा येत होता १००५, आणि बाकीच्यांचे ९५२, ९५३, ९५९, ९६३, ९६२ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. महाराष्ट्रात g साधारण ९७८.५ च्या आसपास असतो. चुकीची ओळ धरून सरासरी ९६६, वगळून ९५८. म्हणजे चूक ठेवली तर उत्तर जास्त "बरोबर" दिसतंय! नुसतं उत्तराकडे बघून काम करणाऱ्याने ती ओळ प्रेमाने ठेवली असती.

पण मला टोचत होतं ते दुसरंच. ते पाच आकडे परत बघा, ९५२ पासून ९६२ पर्यंत, लांबी वाढेल तसा g वाढत चाललाय. हाताने घड्याळ दाबण्याची चूक अशी एका दिशेने जात नाही, ती वर-खाली होते. काहीतरी सगळ्या लांब्यांमध्ये सारखंच कमी आहे आणि म्हणून त्याचा फटका छोट्या लांबीला जास्त बसतोय. ६० मध्ये दीड सेंटिमीटर कमी पडणं आणि ११० मध्ये दीड कमी पडणं यात फरक आहेच की.

मग ग्राफ काढला. आडव्या अक्षावर L, उभ्यावर T², वगळलेली ओळ फुलीने दाखवली पण रेषा बाकी पाच बिंदूंतून. बिंदू सुंदर रेषेत बसले, पण रेषा शून्यातून जात नव्हती, उभ्या अक्षाला ०.०६५ वर कापत होती. स्लोप आला ०.०४०४. रेषा मागे वाढवली तर आडव्या अक्षाला उणे १.६ सेंटिमीटरला लागते. म्हणजे प्रत्येक लांबी सुमारे १.६ ने तोकडी मोजली गेलीय. गोळ्याचा व्यास २.५२, त्रिज्या १.२६, वर दोरा बांधायची छोटी कडी. बेरीज करून बघा, तिथेच पोचतं.

म्हणजे तिने केंद्रापर्यंत मोजलंच नव्हतं, आणि मला "हो ताई" म्हणाली होती.

मी फोन लावला, आणि यावेळी वेगळं विचारलं. "पट्टी कशी धरलीस ते सांग बरं. वरचं टोक कुठे होतं, खालचं कुठे?" म्हणाली, "वर कॉर्कपाशी शून्य, आणि खाली जिथे दोऱ्याची गाठ आहे तिथे बघून आम्ही दोरा वर-खाली करत होतो, साठ, सत्तर असा". "आणि गोळा?" "गोळ्याचं सरांनी व्हर्नियरने मापायला सांगितलं होतं ते मापलं, पण ते कुठे घालायचं ते…" मग शांतता.

पोरगी खोटं बोलली नव्हती. मी प्रश्नच असा विचारला होता की त्यात उत्तर बसवलेलं होतं, "केंद्रापर्यंतच मोजलीस ना?" याला अकरावीतली मुलगी नाही कशी म्हणेल? तिला वाटलं तसंच करायचं असतं, म्हणजे आपण तसंच केलं असणार.

मग उत्तर कुठलं द्यायचं

हा दुसरा मोठा निर्णय. L च्या कॉलममध्ये सरळ १.२६ मिळवून नवे आकडे लिहायचे हा एक मार्ग. तसं करून बघितलं, पाचही ओळींचा g ९७१ ते ९७५ च्या मध्ये येतो, सरासरी ९७२ च्या थोडी वर, आणि तो वाढत जाण्याचा प्रकार जवळपास थांबतो. पण कडीची उंची कोणी मापली नव्हती, ती अंदाजाने घालायची म्हटलं तर मग मी पाहिजे ते उत्तर आणू शकते, ०.३ घाला नाहीतर ०.६ घाला.

ग्राफमध्ये हा प्रश्न येतच नाही. सगळ्या लांब्या सारख्याच तोकड्या असतील तर अख्खी रेषा बाजूला सरकते, तिचा तिरपेपणा बदलत नाही, आणि g येतो तिरपेपणातून. `g = 4π²/slope` केलं की ९७७ येतो, बिंदूंच्या विखुरण्यावरून त्यात तीनेक इकडेतिकडे. कडी किती, त्रिज्या किती, काही माहीत असायची गरज नाही. म्हणून रिपोर्टमध्ये मुख्य उत्तर ग्राफचं ठेवलं. टेबलमधून येणारा ९५८ लपवला नाही, तोही लिहिला आणि तो कमी का येतो ते सांगायची जागा तिच्यासाठी सोडली.

तिला पाठवलेल्या मसुद्यात L च्या कॉलमचं नाव "L" वरून "कॉर्कपासून गाठीपर्यंत दोऱ्याची लांबी" असं केलं. हा एक छोटा बदल, पण मला वाटतं पूर्ण रिपोर्टमधला सगळ्यात खरा. रिकाम्या जागा तीन: घड्याळाचं लीस्ट काउंट, आंदोलनाचा कोन किती ठेवला, आणि निष्कर्षाच्या चार ओळी. लीस्ट काउंट मी ०.१ लिहू शकले असते कारण सगळे आकडे एकाच दशांशापर्यंत आहेत, पण मुलं ०.०१ च्या घड्याळावरूनही एकच दशांश लिहितात, त्यामुळे तिलाच भरू दिलं. तिने ०.१ च भरलं. कोनाची जागा तिने रिकामीच सोडली, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

एका ओळीचं गणित पूर्ण मांडून दाखवलं, ६० ची ओळ, बाकी चार तिने केली आणि फोटो पाठवला. त्यात एका ठिकाणी T चा वर्ग करायचाच राहिला होता, g हजाराच्या वर गेल्यावर तिचं तिलाच कळलं.

निकाल

सोमवारी संध्याकाळी आली सांगायला. सरांनी तिसऱ्या ओळीवर पेन ठेवून विचारलं हे काय, तिने खालचं वाक्य दाखवलं. सर म्हणाले आज लॅब मोकळी आहे, एवढीच लांबी परत घे. परत घेतलं तर ३६.३ आणि ३६.४. ग्राफच्या रेषेवरून ८० ला ३६.३ च यायला हवं होतं. ते रीडिंग तिने वेगळ्या ओळीत, नवीन तारीख टाकून लिहिलं, जुनी ओळ तशीच.

१९ आंदोलनं की चुकीचा सहा, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. मैत्रिणीचं म्हणणं की ती नेहमी शून्यापासूनच मोजते, आणि हिचं म्हणणं की माझे सहा कधी चारसारखे दिसत नाहीत.

मग तोंडी प्रश्नात सरांनी विचारलं की रेषा शून्यातून का जात नाही. हे तिला सांगता आलं, कारण निष्कर्षाच्या त्या ओळी तिने स्वतः लिहिल्या होत्या, मोडक्यातोडक्या का होईना. पण कृतीचा परिच्छेद मी लिहिलेला होता आणि तो तिने जसाच्या तसा उतरवला होता. "आंदोलनाचे प्रतल स्थिर राहील याची दक्षता घेतली" हे वाक्य वाचून सरांनी विचारलं प्रतल म्हणजे काय, आणि बाईसाहेब गप्प. सही मिळाली, पण त्या परिच्छेदावर पेन्सिलने "स्वतःच्या शब्दांत" असा शेरा आला. तो शेरा खरा माझ्यासाठी होता.

परत करायचं झालं तर

कृती मी लिहिणार नाही. त्याऐवजी तिला एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायला सांगेन की प्रयोगाला उभी राहिल्यापासून हाताने काय काय केलंस ते क्रमाने बोल, आणि तेच नीट करून खाली ठेवेन. तसं केलं असतं तर गाठीची गोष्ट पहिल्या वीस सेकंदात बाहेर आली असती, मला ग्राफवरून हुडकायला लागली नसती.

प्रश्न "ना?" वर संपवणार नाही. व्यासाबद्दलही मी तेच केलं होतं, "व्यास ना, सेंटिमीटरमध्ये?", तिथे नशिबाने उत्तर खरंच हो होतं. "२.५२ कशाचं आहे?" एवढंच पुरलं असतं.

आणि ओळीओळीचा g मी खूप उशिरा काढला, टेबल फेअर करून, उद्देश-साहित्य सगळं टाइप करून झाल्यावर. आकडे फोटोवरून उतरवले की लगेच कॅल्क्युलेटरवर पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा g काढून बघायला हवा होता. ९५२ आणि ९६२ शेजारी दिसले असते तर पहिल्या मेसेजमध्येच पट्टीच्या खालच्या टोकाबद्दल विचारलं असतं, तिसऱ्या फोटोत ते टोक कापलं गेलंय हेही तेव्हाच डोळ्यात भरलं असतं.

परवा तिचा पुढचा मेसेज आला, स्प्रिंगचा प्रयोग, दोन फोटो. खाली लिहिलंय, "ताई हे बघ, पॉइंटर हुकच्या खाली लावला होता, आणि ३०० ग्रॅमचं रीडिंग मला गडबड वाटतंय".